हातउसने पैसे आणि दाव्याची मुदत

श्रोतेहो, नमस्कार.

उसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणून दावा लावायचा, असं ठरवून माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर असते ती वकिलाची नोटीस आणि तिची पोचपावती. त्याच्या लेखी भांडण तिथून सुरू झालेलं असतं. कायद्याच्या लेखी ते बरंच आधी सुरू झालेलं असतं, आणि वादपत्राचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी तपासायचं ते हेच.

एक उदाहरण घेऊ. नावं नकोत, वादी आणि प्रतिवादी एवढंच म्हणू. वादीनं 7 नोव्हेंबर 2022 रोजी ओळखीतल्या माणसाला बँकेतून तीन लाख रुपये दिले. लिखापढी नाही, परतफेडीची तारीख ठरलेली नाही. ‘लागतील तेव्हा सांग, देतो,’ एवढंच बोलणं. पुढे मागण्या झाल्या, आश्वासनं मिळाली. शेवटी 20 नोव्हेंबर 2025 रोजी वकिलामार्फत नोटीस गेली, पंधरा दिवसांत पैसे द्या म्हणून. पैसे आले नाहीत. आता दावा लावायचा आहे.

वादीचं म्हणणं सरळ आहे : मी मागितले कधी, नोटिशीत. त्यानं नाकारले कधी, नोटिशीनंतर. म्हणजे तीन वर्षं तिथून मोजा. ऐकायला पटतं. पण मुदत कायदा, 1963 याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 19 सांगतो की कर्जाऊ दिलेल्या पैशांच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि ती कर्ज दिल्या दिवसापासून. बरं, ‘मागाल तेव्हा देईन’ असा करार होता म्हणावं, तर त्यासाठी अनुच्छेद 21 आहे, आणि तोही कर्ज दिल्याचाच दिवस धरतो. मागणी कधी केली याला इथे काहीच किंमत नाही. परतफेडीची ठरावीक तारीख असती तर गोष्ट वेगळी होती. मग ती तारीख चुकल्यापासून मोजायचं. आपल्या उदाहरणात तशी तारीखच नाही.

मोजताना पहिला दिवस सोडायचा, हे कलम 12 सांगतं. म्हणजे शेवटचा दिवस 7 नोव्हेंबर 2025, शुक्रवार. त्या दिवशी न्यायालय बंद असतं, तर कलम 4 प्रमाणे उघडल्याच्या दिवशी दावा दाखल करता आला असता. नोटीस मात्र तेरा दिवस उशिरा निघाली आहे. आणि वेळेत निघाली असती तरी खाजगी व्यक्तीला पाठवलेल्या अशा नोटिशीनं मुदत थांबत नाही, वाढतही नाही. कितीतरी दावे या एका गैरसमजापायी बुडतात.

‘उशीर माफ करून घेऊ,’ असंही लगेच सुचवलं जातं. तो मार्ग इथे बंद आहे. उशीर माफीचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होतं, दाव्याला नाही. प्रतिवादीनं मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर? तरीही कलम 3 प्रमाणे मुदतबाह्य दावा न्यायालयानं स्वतःहून फेटाळायचा असतो.

मग मोह होतो तो शब्दांच्या खेळाचा. आपल्याकडच्या वादपत्रात शेवटाकडे एक ठरलेलं वाक्य येतं : ‘दाव्यास कारण अमुक रोजी नोटीस दिली तेव्हा घडले, सबब दावा मुदतीत आहे.’ जुन्या वादपत्रावरून तारखा बदलून नवं उतरवायची सवय असली की हे वाक्य आपोआप येऊन बसतं. पण न्यायालय वादपत्र सबंध वाचतं, सोबतचे कागदही बघतं. वरच्या परिच्छेदात पैसे 7 नोव्हेंबर 2022 ला दिले असं लिहून खाली कारण नोटिशीपासून घडलं म्हटलं, की प्रतिवादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली अर्ज देतो आणि वादपत्र दारातच नामंजूर होऊ शकतं.

तेव्हा लेखणी बाजूला ठेवून वकिलानं पक्षकाराला एकच गोष्ट खोदून विचारायची. 7 नोव्हेंबर 2022 ते 7 नोव्हेंबर 2025 या काळात समोरच्यानं सही केलेला एखादा कागद आहे का? मेसेज असतातच. पण मुदत चालू असताना दिलेल्या कबुलीपासून मुदत नव्यानं मोजू देणाऱ्या मुदत कायद्याच्या कलम 18 ला लेखी आणि सही केलेली कबुली लागते. मोबाइलवरच्या मेसेजला सही म्हणायचं का, यावर वाद घालता येतो. निव्वळ त्या वादावर दावा उभा करणं मला धोक्याचं वाटतं. तोंडी कबुली तर कितीही साक्षीदार असले तरी चालत नाही. याच काळात त्यानं काही रक्कम चेकनं दिली होती का, हेही विचारावं. अंशतः परतफेड झाली आणि देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनं तिची नोंद असली, तर कलम 19 प्रमाणे त्या परतफेडीपासून नव्यानं तीन वर्षं मिळतात. नुसते रोख हातात दिले असतील, कागद काहीच नसेल, तर उपयोग नाही.

समजा, कपाटात एक चिठ्ठी सापडली. ‘आपले तीन लाख रुपये माझ्याकडे येणे आहेत, सध्या अडचण आहे.’ खाली सही आणि तारीख, 12 मार्च 2024. बात बदलली. मुदत चालू असताना दिलेली ही कबुली आहे, म्हणून सही झाल्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं, म्हणजे 12 मार्च 2027 पर्यंत. चिठ्ठीवर तारीख नसती तरी सही कधी झाली याचा तोंडी पुरावा देता येतो. चिठ्ठीत काय लिहिलं होतं, हे मात्र तोंडी सांगता येत नाही. म्हणून मूळ कागद जपायचा.

आता तीच चिठ्ठी, तेच शब्द, पण तारीख 12 जानेवारी 2026 असेल तर? मुदत आधीच संपली आहे, आणि संपलेल्या मुदतीला कलम 18 जिवंत करत नाही. तरी सगळं संपलं असं नाही. मुदत गेल्यानं दावा लावायची वाट बंद होते, देणं पुसलं जात नाही. म्हणून करार कायद्याचं कलम 25, पोटकलम 3 मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन कबूल करतं. पण वचन हवं. ‘येणे आहेत’ हे वचन नव्हे, ‘देईन’ हे वचन. चिठ्ठीत ‘दिवाळीपर्यंत तीन लाख देईन’ असं असेल, तर दावा मूळ कर्जावर नव्हे, या नव्या वचनावर लावायचा, आणि मुदतही त्याच्या हिशेबानं मोजायची. चिठ्ठीतलं एकेक क्रियापद भिंग लावून वाचावं लागतं ते यासाठी.

आणि कागद सापडला म्हणून काम झालं नाही. आदेश 7, नियम 6 सांगतो की मूळ मुदत उलटल्यावर दावा आणत असाल, तर सूट कशाच्या जोरावर मागता ते वादपत्रातच लिहा. चिठ्ठी नुसती यादीसोबत जोडून भागत नाही. आपल्या उदाहरणात परिच्छेद साधारण असा येईल : ‘रक्कम दि. 7 नोव्हेंबर 2022 रोजी दिली. मुदत चालू असताना दि. 12 मार्च 2024 रोजी प्रतिवादीने सदर देणे स्वतःच्या सहीने लेखी कबूल केले. सबब मुदत कायद्याच्या कलम 18 अन्वये त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल केला आहे.’ नोटिशीचा उल्लेख जरूर करावा, पण मागणी केली हे दाखवण्यापुरता. मुदतीच्या परिच्छेदात तिला जागा नाही.

नमस्कार.