'रिस्पेक्टेड सर' लिहिण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. परभणीचं कृषी विद्यापीठ असो की नांदेडचं एखादं कॉलेज, आपलं काम एका शब्दात भागतं. समोरचे सहाय्यक प्राध्यापक असोत की विभागप्रमुख, 'सर' म्हटलं की झालं. बाई असल्या तर 'मॅडम'. पीएच.डी. झालीय का, हे कुणी विचारत बसत नाही. पंचाईत होते ती परदेशातल्या अनोळखी प्राध्यापकांना ई-मेल लिहिताना. मग पोरं 'रिस्पेक्टेड सर' लिहून मोकळी होतात, आणि ती मेल नेमकी एखाद्या बाईंकडे जाते.

समजा, परभणीची एक विद्यार्थिनी मातीतल्या जिवाणूंवर काम करतेय आणि तिला इंग्लंडमधल्या एका संशोधकाला लिहायचंय. विद्यापीठाच्या वेबसाइटवर त्यांचं पद दिलंय 'सीनिअर लेक्चरर'. आपण कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्यांनाच 'प्रा.' लावतो, पण ब्रिटनमध्ये 'प्रोफेसर' ही सहसा सगळ्यात वरची पायरी. लेक्चरर, सीनिअर लेक्चरर, रीडर हे तिच्या खालचे. तिथं सरसकट 'प्रोफेसर' लिहिणं म्हणजे न झालेली बढती देऊन टाकणं. म्हणून तिनं त्याच पानावर शिक्षण बघावं. पीएच.डी. दिसली, की 'डिअर डॉक्टर' आणि पुढे आडनाव. हीच व्यक्ती अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसर असती, तर 'प्रोफेसर' आणि आडनाव खुशाल चाललं असतं.

आता आडनाव कोणतं, हेही बघावं लागतं. आपल्याकडे 'सुरेश सर' चालतं. तिकडे पदवी जोडतात ती आडनावाला. चिनी नावात आडनाव आधी येतं, पण इंग्रजी पानावर तेच पुष्कळदा शेवटी गेलेलं असतं. अशा वेळी त्यांच्या शोधनिबंधांचे संदर्भ कुणी कसे दिलेत ते पाहा: बहुतेक ठिकाणी नावाचं आद्याक्षर करतात आणि आडनाव पूर्ण ठेवतात.

किम, रॉबिन अशा नावांवरून बाई की पुरुष ते कळत नाही. 'डॉक्टर' लिहिलं की तो प्रश्नच उरत नाही. पदवीचा पत्ताच लागला नाही, तर 'डिअर' आणि पूर्ण नाव लिहा, थोडं कोरडं वाटलं तरी. 'मिसेस' किंवा 'मिस' मात्र नको. चुकून डॉक्टर म्हटल्याचा राग क्वचितच कुणाला येतो, पण पीएच.डी. झालेल्या बाईंना 'मिसेस' म्हटलं, तर त्यांची पदवी पुसून नवऱ्याची चौकशी केल्यासारखं होतं.

उत्तर आलं, की शेवटची सही वाचा. खाली नुसतं पहिलं नाव असेल, तर पुढच्या मेलमध्ये त्या नावानं लिहायला बहुधा हरकत नसते. आपली जीभ तिथं अडखळते, हे खरं. नाहीच धजावलं, तर आणखी एकदोन मेल 'डॉक्टर' आणि आडनावच राहू द्या. कुणाला खटकलंच, तर ते स्वतःच सांगतात, मला नावानं हाक मारा म्हणून.