आधी चार्जरकडे बघा

नमस्कार, श्रोतेहो. गाडीला चार्जरची गन लावली, फोनवर ॲप उघडलं, 'सुरू करा' दाबलं, गोल चक्र बराच वेळ फिरलं आणि शेवटी उत्तर आलं, 'चार्जिंग सुरू होऊ शकलं नाही'. विजेवरची गाडी चालवणाऱ्यांनी हे वाक्य कधी ना कधी वाचलेलं असतं. आज बोलायचं आहे ते या वाक्याबद्दल. पण आधी तुम्हाला माझी एक रात्र सांगते, कारण मला हे जे काही कळलं ते त्या रात्री कळलं.

रात्रीचे साडेदहा. हायवे, पाऊस, मागच्या सीटवर आई झोपलेली आणि बॅटरी नऊ टक्के. फास्ट चार्जर दिसला, दोन गनांचा. मी एक गन उचलून गाडीला लावली, कोड स्कॅन केला आणि 'सुरू करा' दाबलं. चक्र फिरलं, नकार आला. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. मग ॲप बंद करून उघडलं. फोन बंद करून चालू केला. नेटवर्क मिळावं म्हणून फोन वर धरून पावसात फिरले. असे पाच प्रयत्न झाले आणि प्रत्येक वेळी वॉलेटमधली थोडी रक्कम अडकत गेली.

पलीकडच्या चार्जरवर एक टॅक्सीवाले काका गाडी चार्ज करत होते. ते छत्री घेऊन आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, बटण दाबल्यावर चार्जर काय करतो?"

मी म्हटलं, "काका, बघितलंच नाही. मी फोनकडे बघत होते."

"मग आता फोन माझ्याकडे द्या. तुम्ही नुसतं चार्जरकडे बघा."

त्यांनी बटण दाबलं. मी मनात एक, दोन, तीन मोजलं आणि चार्जरचा हिरवा दिवा निळा झाला. त्याच्या स्क्रीनवर 'गाडीशी जोडणी तपासत आहे' अशी ओळ आली. पंधरा-वीस सेकंद ती तशीच राहिली, मग दिवा लाल झाला. काका म्हणाले, "बघा, तुमच्या फोनचं काम झालंय. निरोप चार्जरपर्यंत पोचलाय. अडतंय ते चार्जर आणि गाडी यांच्यामध्ये."

मग त्यांनी गन काढायला सांगितली आणि स्क्रीनवर 'उपलब्ध' येईपर्यंत थांबायला लावलं. टॉर्चच्या उजेडात गनचं तोंड आणि गाडीचं सॉकेट पाहिलं. पिना सरळ होत्या, आत कचरा नव्हता, पाणी साचलेलं नव्हतं. मी गन पुन्हा लावली. ती केबल मनगटाएवढी जाड आणि पावसाने निथळत होती. तिच्या वजनाने गनचं मागचं टोक खाली झुकलं होतं आणि वरच्या कडेला, सॉकेट आणि गन यांच्यामध्ये, नखाएवढी फट दिसत होती. काकांनी केबल खालून हाताने उचलून धरली आणि म्हणाले, "आता आत दाबा, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका." बटण दाबलं. दिवा निळा झाला, आणि या वेळी गाडीच्या आतून 'टक' असा आवाज आला. ते कुलूप. मग चार्जरचे पंखे घरघरायला लागले आणि गाडीच्या पडद्यावर किलोवॉटचा आकडा चढू लागला. आई तोवर जागी झाली होती, तिने विचारलं, "पोचलो का?"

तर श्रोतेहो, आजची गोष्ट एवढीच आहे: आधी चार्जरकडे बघा, मग फोनकडे. का, ते सांगते.

तुमचा फोन सहसा चार्जरशी थेट बोलत नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा निरोप इंटरनेटवरून चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर तो चार्जरकडे पाठवतो, आणि चार्जरचं स्वतःचं वेगळं इंटरनेट असतं, बरेचदा आत बसवलेल्या सिमकार्डाचं. म्हणून फोन चार्जरला टेकवून धरण्याने काही होत नाही. निरोप मिळाला की चार्जर गनमधल्या बारीक पिनांवरून गाडीशी बोलायला लागतो. फास्ट चार्जरवर दोघांचं बोलणं जमलं की गन कुलूपबंद होते, मग वीज कुठे गळत नाही ना याची तपासणी होते, आणि त्यानंतरच खरा प्रवाह सुरू होतो. गन नखाएवढी जरी बाहेर राहिली तरी कुलूप बसत नाही, आणि सगळं तिथेच थांबतं.

म्हणजे बटण दाबल्यावर चार्जरचा दिवा किंवा स्क्रीन बदलली आणि मग परत आली, तर बिघाड गन, केबल किंवा गाडीकडे शोधा. फोनला हात लावू नका. गन काढा, 'उपलब्ध' येऊ द्या, आत बघा, केबलला आधार देऊन पुन्हा लावा. पिन वाकलेली किंवा काळी पडलेली दिसली, तर मात्र ती गन वापरूच नका. दिव्याचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे रंग पाठ करू नका, बदल होतो की नाही तेवढं बघा.

आणि चार्जरने काहीच केलं नाही, दिवा जराही हलला नाही, तर निरोप पोचलेला नाही. मग फोनचं नेटवर्क बघा, विशेषतः तळघरातल्या पार्किंगमध्ये. ॲपमध्ये निवडलेला गनचा क्रमांक आणि तुमच्या हातातल्या गनचा क्रमांक एकच आहे ना, ते बघा. दोन गनांच्या चार्जरवर ही चूक फार होते. कंपनीचं टॅप करायचं कार्ड असेल तर ते लावून बघा. काही चार्जर स्वतःचं इंटरनेट गेलं तरी कार्ड ओळखतात. माझं तर स्पष्ट मत आहे की प्रत्येक चार्जरवर छप्पर आणि एक चांगला दिवा हवाच. पावसात, अंधारात, एकट्या माणसाने गनचा क्रमांक वाचायचा तरी कसा? आणि ॲपनेही नुसतं 'सुरू होऊ शकलं नाही' म्हणू नये, कुठे अडलं ते सांगावं.

तिसरा प्रकार फसवा असतो. ॲप म्हणतं 'सुरू झालं', पण युनिट शून्यावरच. अशा वेळी गाडीच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची ठरावीक वेळ लावलेली नाही ना, ते बघा. घरी रात्री चार्ज करण्यासाठी लावलेली वेळ बाहेर आडवी येते आणि गाडीच प्रवाह घ्यायला नकार देते.

आणखी एक सांगते, लागोपाठ बटण दाबत राहू नका. चार्जर आधीच्या प्रयत्नातच अडकलेला असतो, त्यामुळे पुढचा निरोप तो नाकारतो. दोन स्वच्छ प्रयत्न करा, तेही गन काढून, पुन्हा लावून. तरी नाही जमलं, तर चार्जरवर लिहिलेल्या नंबरला फोन लावा. चार्जरचा क्रमांक, गनचा क्रमांक आणि बटण दाबल्यावर चार्जरने काय केलं, एवढं सांगा. बरेच चार्जर कंपनीच्या माणसाला तिथूनच बंद करून चालू करता येतात. त्याला काही मिनिटं लागतात, तोवर गन गाडीतून काढून जागेवर अडकवून ठेवा.