दोन गोदामे कुठे ठेवावीत?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईतल्या एखाद्या औषधविक्रेत्या संस्थेला दादर, कुर्ला, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली या पाच भागांतल्या दुकानांना रोज माल पोचवायचा आहे आणि याच पाच ठिकाणी गोदामासाठी जागा मिळू शकते, पण भाडे दोनच जागांचे परवडते, असे आपण समजू. मग कोणत्या दोन जागा घ्याव्यात? या प्रकारच्या प्रश्नाला पी-मीडियन म्हणतात. इथे ‘पी’ म्हणजे उघडायच्या गोदामांची संख्या, आपल्या बाबतीत 2.

प्रत्येक भागाची मागणी त्याच्या सर्वांत जवळच्या गोदामातून भागवायची, मागणीला त्या अंतराने गुणायचे आणि सर्व भागांची बेरीज करायची. ही बेरीज ज्या जोडीची सर्वांत कमी, ती जोडी निवडायची. नुसती अंतरे मिळवली तर चाळीस खोकी घेणारा भाग आणि वीस खोकी घेणारा भाग सारखेच ठरतील, म्हणून गुणाकार आवश्यक आहे.

आता हिशेबासाठी काही गोल आकडे धरू. रोजची मागणी दादरला 40 खोकी, कुर्ल्याला 20, अंधेरीला 30, मुलुंडला 30 आणि बोरिवलीला 20, अशी एकूण 140. अंतरे एकदम सांगून आपल्याला गोंधळात टाकत नाही. ज्या जोडीचा हिशेब करू, तिच्यापुरतीच सांगतो.

पाच जागांतून दोन निवडण्याचे प्रकार दहाच होतात, म्हणून एकही न वगळता सगळे तपासता येतात. दादर-अंधेरी ही जोडी घेऊ. या दोन भागांचे स्वतःचे अंतर शून्य. कुर्ला दादरपासून 8 आणि अंधेरीपासून 9 किलोमीटर धरला आहे, तेव्हा तो दादरकडे जातो आणि 20 गुणिले 8 म्हणजे 160 होतात. मुलुंड अंधेरीपासून 17 किलोमीटर, म्हणून 510. बोरिवली अंधेरीपासून 12, म्हणून 240. बेरीज 910, म्हणजे खोक्यामागे सरासरी साडेसहा किलोमीटर. उरलेल्या नऊ जोड्यांचा हिशेब याच रीतीने केला, तर दादर-मुलुंडला 930, अंधेरी-मुलुंडला 940, कुर्ला-मुलुंडला 970 आणि इतरांना त्याहून जास्त येतात. अर्थात दादर-अंधेरी पहिली.

इथे एक मोह होतो. आधी एकच गोदाम ठेवायचे झाले तर सर्वोत्तम जागा शोधावी, मग तिच्या जोडीला दुसरी शोधावी, असे बहुतेकांना सुचते. एकट्या गोदामासाठी या आकड्यांत कुर्ला जिंकतो: त्याचे 1440, अंधेरीचे 1450. पण कुर्ला पक्का धरला की उत्तम जोडीदार मुलुंड ठरतो आणि बेरीज 970 वर अडते. एकटे गोदाम सगळ्यांच्या मध्ये असावे लागते. दोन गोदामे झाली की शहर दोन भागांत वाटले जाते आणि त्या मधल्या जागेचे महत्त्व कमी होते. सर्व जोड्या तपासल्यामुळेच हे 60 चे नुकसान लक्षात येते.

मात्र तपासणी बिनचूक असली, तरी उत्तर अंतरांच्या तक्त्याइतकेच विश्वासार्ह असते. नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर इथे उपयोगाचे नाही, कारण टेम्पोला रेल्वेमार्ग ओलांडायला उड्डाणपूल गाठावा लागतो. पूर्व-पश्चिम जाण्यासाठी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यासारखे मोजकेच मार्ग आहेत. समजा, प्रत्यक्ष मोजणीत अंधेरी-मुलुंड अंतर 17 ऐवजी 18 किलोमीटर भरले. तर आपल्या विजयी जोडीची बेरीज 940 होते आणि 930 ची दादर-मुलुंड पुढे जाते. एका किलोमीटरने निकाल फिरतो! म्हणून पहिल्या दोन-तीन जोड्या इतक्या जवळजवळ आल्या, की संशयाची अंतरे थोडी वाढवून-घटवून हिशेब पुन्हा करावा, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण न्यायाची. दादर-अंधेरी निवडली, तर सरासरी साडेसहा किलोमीटर असूनही मुलुंडच्या दुकानांचा माल 17 किलोमीटर दुरून येतो. अंधेरी-मुलुंड घेतली, तर बेरीज केवळ 30 ने वाढते, पण सर्वांत दूरचा भाग, दादर, 13 किलोमीटरवर राहतो. तातडीच्या औषधांसाठी मी हीच जोडी घेईन. शिवाय दादर-अंधेरीत अंधेरीच्या गोदामावर 80 खोक्यांचा भार पडतो. तेवढी जागा तिथे आहे का, हे आपला हिशेब विचारतच नाही.

जागा पाचच का धरल्या, टेम्पो थांबेल अशी कुठलीही जागा का नाही, अशी शंका येईल. एस. एल. हाकिमी यांनी 1960च्या दशकात सिद्ध केले, की मागणीची ठिकाणे आणि नाके मिळून बनलेल्या रस्त्यांच्या जाळ्यात किमान एक सर्वोत्तम उत्तर याच बिंदूंवर सापडते. रस्त्याच्या मधोमध शोधण्याची गरज नसते. मात्र सगळे नाके विचारात घेतले, की जोड्या वाढतात. वीस जागांतून दोन निवडण्याचे 190 प्रकार संगणक क्षणात तपासतो, पण शंभर जागांतून दहा निवडायच्या झाल्यास प्रकार 17 लाख कोटींच्या घरात जातात आणि तिथे एकेक तपासण्याची ही साधी रीत सोडून द्यावी लागते.