टॉवेल आणि ट्यूब यांच्यामध्ये

मागच्या जानेवारीत एक आजी आपल्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या लाल, खरखरीत झालेल्या, नखांनी ओरबाडलेल्या. "डॉक्टर, नायटाच आहे ना?" आजींनी विचारलं. नायटा नव्हता, इसब होता. नायटा कडेने पसरत जातो आणि मध्ये निवळतो. लहान मुलांचा इसब बहुधा घड्यांमध्ये बसतो आणि रात्री जास्त खाजतो.

मी आधी अंघोळ विचारली. बोअरचं कडकडीत पाणी, साबण, वर डाळीचं पीठ, आणि शेवटी आपल्या सोलापुरी टॉवेलने खसखसून पुसणं! टॉवेलचा दोष नाही हो, दोष घासण्याचा. अशा मुलांची कातडी मुळात ओल धरून ठेवत नाही. त्यात गरम पाणी आणि साबण उरलंसुरलं तेलही काढून नेतात.

अंघोळ रोज चालेल, पण पाणी कोमट, पाच ते दहा मिनिटं, आणि साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर. अंग टिपायचं, थोडं ओलसरच ठेवायचं आणि तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर सगळ्या अंगाला लावायचं. संध्याकाळी पुन्हा एकदा. एवढ्या मुलाला आठवड्याला साधारण पाव किलो लागतं. बाटली महिनाभर पुरत असेल, तर ती कमी पडतेय असं समजा.

आता ट्यूब. आजींनी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं. तीन दिवसांत खाज गेली, ट्यूब बंद केली, आठवड्यात खाज परत सुरू झाली. असं चार वेळा. अशी तीव्र ट्यूब घड्यांत किंवा तोंडावर महिनोन्महिने लावली, तर कातडी पातळ होते, रेघा उमटतात.

मग आईने गूगलवर वाचून स्टेरॉइडच बंद केलं. तेही चूक. मी मुलीला बेताच्या ताकदीचं मलम दिलं. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची वळी काढायची. तेवढं, म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तिचे चारही चट्टे मिळून तेवढेच होते. मॉइश्चरायझरनंतर वीस मिनिटांनी, दिवसातून एकदा, फक्त चट्ट्यांवर, कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. तिला नऊ दिवस लागले. लाली गेली म्हणून चौथ्या दिवशी थांबलो असतो, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नंतर तिथे पांढुरके डाग राहिले. आजींना वाटलं, मलमाने केलं. बहुतेक वेळा ते इसबाचेच मागे राहिलेले डाग असतात, काही महिन्यांत रंग भरतो. पण चट्ट्यातून पाणी येऊन पिवळी खपली धरली, ताप आला किंवा दुखरे बारीक फोड उठले, तर ट्यूब शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे या.