एक ईजीएफआर, दोन रुग्ण

[पडद्यावर: लॅबचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी]

डावीकडचा रिपोर्ट अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांचा. आपण त्यांना गुरुजी म्हणू. क्रिएटिनिन १.४. आकडा ठळक छापलेला, पुढे ‘हाय’चा शिक्का. घरात दोन दिवस काळजी, आणि मुलाने डायलिसिस सेंटरची चौकशीसुद्धा करून ठेवली.

उजवीकडचा रिपोर्ट अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंचा. बारा वर्षांपासून मधुमेह, ब्लडप्रेशरची गोळी चालू. क्रिएटिनिन १.२. लॅबच्या रकान्यात मर्यादा १.२ पर्यंत दिलेली, त्यामुळे शिक्का नाही. ‘किडनी नॉर्मल आहे’ असं समजून रिपोर्ट फाइलमध्ये गेला.

हे दोघेही कल्पित आहेत. आकडे मात्र खरे, म्हणजे डॉक्टर वापरतात त्याच सूत्रातून काढलेले. आणि या दोघांत जास्त धोका काकूंना आहे.

[पडद्यावर: क्रिएटिनिनपासून ईजीएफआरकडे जाणारा बाण]

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीत सोडते. किडनीचं काम मंदावलं की तो रक्तात साचतो. पण रोज किती तयार होतो, हे स्नायू किती आहेत यावर ठरतं. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या रक्तात १.२ क्रिएटिनिन असेल, तर त्याच्या किडन्या मिनिटाला साधारण ८६ मिलीलिटर रक्तद्रव गाळत आहेत असा हिशेब निघतो. काकूंचंही क्रिएटिनिन १.२ च आहे, पण त्यांचं वय आणि स्त्री असणं सूत्रात घातलं की उत्तर येतं ५२. गुरुजींचं १.४, वय अठ्ठ्याहत्तर. उत्तर येतं ५१.

यालाच म्हणतात ईजीएफआर, गाळण्याच्या वेगाचा अंदाज. अंदाज, हे विसरायचं नाही. अंग फारच बारीक असेल, स्नायू झडलेले असतील, तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं आणि ईजीएफआर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. उलट, चाचणीच्या आदल्या रात्री मटणाचं भरपेट जेवण झालं असेल तर तो वाईट दिसू शकतो. शंका असेल तेव्हा डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्तचाचणी सांगतात, कारण ती स्नायूंवर इतकी अवलंबून नसते.

आता पायऱ्या. ९० किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर जी-१. ६० ते ८९ जी-२. ४५ ते ५९ जी-३-ए, ३० ते ४४ जी-३-बी. १५ ते २९ जी-४, आणि १५ च्या खाली जी-५. गुरुजी आणि काकू दोघेही जी-३-ए. २००२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने पाच टप्प्यांची पद्धत आणली तेव्हा वर्गीकरण इथेच थांबत होतं. त्या हिशेबाने दोघांच्याही फाइलवर एकच नोंद झाली असती: तिसरा टप्पा.

२०१२ मध्ये केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाने त्याला दुसरी बाजू जोडली. ती लघवीतून येते.

[पडद्यावर: लघवीच्या नमुन्याची छोटी डबी]

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. चांगली किडनी ते जवळजवळ सगळं रक्तातच राखते. गाळणी खराब होऊ लागली की ते लघवीत झिरपतं, आणि हे झिरपणं अनेकदा ईजीएफआर घसरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. मधुमेहात तर बऱ्याचदा.

त्यासाठी सकाळची पहिली लघवी द्यायची. लॅब तिच्यात अल्ब्युमिन मोजते आणि क्रिएटिनिनही. कारण साधं आहे: पाणी भरपूर प्यायलं असेल तर लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिन फसवं कमी दिसतं. क्रिएटिनिनही तितकंच पातळ होतं, म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की पाण्याचा प्रश्न निकालात निघतो. काकूंच्या लघवीत लिटरमागे ३३६ मिलीग्रॅम अल्ब्युमिन आणि ०.८ ग्रॅम क्रिएटिनिन निघालं. ३३६ भागिले ०.८, म्हणजे ४२०. हा त्यांचा एसीआर. गुरुजींचा आला १२.

३० च्या खाली ए-१, ३० ते ३०० ए-२, ३०० च्या वर ए-३. गुरुजी जी-३-ए, ए-१. काकू जी-३-ए, ए-३.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नेहमीच्या लघवी तपासणीत ‘प्रोटीन: निल’ असं येतं, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ती पट्टी ढोबळ आहे, ए-२ तिच्या हातून सहज सुटतो. मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी एसीआर असं नाव घेऊनच चाचणी मागावी.

आणि एका चाचणीवर शिक्कामोर्तब होत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळीचे दिवस, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम, फार वाढलेली साखर, यातल्या कशानेही एसीआर तात्पुरता चढतो. जुलाब-उलट्यांत ईजीएफआर तात्पुरता पडतो. म्हणून दीर्घकालीन किडनीविकार म्हणायचं तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसायला हवा. जुने रिपोर्ट असतील तर ते इथे कामाला येतात; काकूंच्या फाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचं १.१५ क्रिएटिनिन सापडलं, त्यामुळे निम्मा उलगडा तिथेच झाला. तीन महिन्यांनी पुन्हा केलेला एसीआर ३९० आला. निदान पक्कं.

आणखी एक, जी-१ किंवा जी-२ आणि सोबत ए-१ एवढंच असेल तर तो आजार नव्हे. सोनोग्राफीत किंवा लघवीत दुसरा काही दोष असेल तरच तसं म्हणतात.

[पडद्यावर: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल तक्ता]

हा केडिगोचा तक्ता. उभ्या बाजूला जी, आडव्या बाजूला ए. गुरुजींचा चौकोन पिवळा: थोडा वाढलेला धोका, तपासणी वर्षातून एकदा. काकूंचा चौकोन त्याच ओळीत दोन घरं पुढे, आणि थेट लाल. जी-४ आणि ए-१ असलेल्या, म्हणजे ईजीएफआर २५ वगैरे असलेल्या रुग्णाचा रंगही हाच. काकूंना वर्षातून तीनदा तपासणी, आणि नेफ्रॉलॉजिस्टला दाखवणं. तक्त्यातला धोका फक्त किडनी निकामी होण्याचा नाही. हृदयविकाराचाही आहे, आणि अल्ब्युमिन वाढतं तसा तोही वाढतो.

गुरुजींच्या मुलाला डॉक्टर म्हणाले, “डायलिसिस सेंटर विसरा. बीपी सांभाळा, वर्षाने रक्त-लघवी करा. आणि सर, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता ती डायक्लोफिनॅकची गोळी आजपासून बंद.” गुरुजींच्या भेटीत एवढंच. खरं सांगायचं तर या वयात, अल्ब्युमिन नसताना, ५१ चा आकडा अनेक वर्षं तसाच रेंगाळू शकतो.

काकूंचं प्रकरण मात्र लांबलं.

टेल्मिसार्टन सुरू झालं. हे औषध ब्लडप्रेशर तर उतरवतंच, शिवाय किडनीच्या गाळण्यांच्या आतला दाब कमी करतं, त्यामुळे अल्ब्युमिनची गळती कमी होते. पण आतला दाब कमी झाला की गाळण्याचा वेगही थोडा उतरतो. म्हणून दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचं. काकूंचं क्रिएटिनिन १.४ झालं, ईजीएफआर ४४. जी-३-ए वरून जी-३-बी.

नेमक्या याच वळणावर गाडी घसरते. घरचे म्हणतात, “गोळीने किडनी बिघडली,” आणि गोळी बंद होते. कधी कधी डॉक्टरच बंद करतात. वास्तविक चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी औषध चालू ठेवायचं असतं. १.२ चं १.४ म्हणजे सुमारे १७ टक्के. त्याहून जास्त वाढलं, तर शरीरात पाणी कमी पडलंय का, वेदनाशामक चालू आहेत का, किडनीची धमनी अरुंद झालीय का, हे शोधायचं. पोटॅशियम वाढलं तर आहार आणि इतर औषधं आधी पाहायची. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र डॉक्टरांना विचारून गोळी काही दिवस थांबवतात.

पुढे डापाग्लिफ्लोझिन जोडलं गेलं. ते साखरेचं औषध म्हणून ओळखलं जातं, पण ईजीएफआर २० पर्यंत खाली असला तरी किडनीसाठी सुरू करता येतं. त्यानेही सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित चढतं.

सहा महिन्यांनी काकूंचा एसीआर १८० आला. ए-३ वरून ए-२. क्रिएटिनिन १.४ वर स्थिर. जी एक पायरी उतरला, ए एक पायरी सुधारला, आणि तक्त्यात जी-३-बी, ए-२ चा रंगसुद्धा लालच. म्हणजे तपासणी वर्षातून तीनदाच राहिली. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, काहीच फरक पडला नाही. फरक पडलाय. गळती निम्म्याहून कमी झाली आणि घसरण थांबलीय. दर भेटीला डॉक्टर टप्प्यापेक्षा हा उतार पाहतात. दोन तपासण्यांत ईजीएफआर २० टक्क्यांहून जास्त पडला, किंवा एसीआर दुप्पट झाला, तर ते लॅबच्या चढउतारापलीकडचं मानून कारण शोधतात. वर्षाला पाचाहून अधिक मिलीलिटरने सतत घसरण होत असेल तर रंग कुठलाही असो, नेफ्रॉलॉजिस्ट हवाच.

[पडद्यावर: जी-४ ची ओळ मोठी होत जाते]

जी-४ मध्ये तपासणी वर्षातून तीनदा किंवा जास्त, आणि यादी वाढते: हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड संप्रेरक, बायकार्बोनेट. पुढची दोन वर्षं कशी जातील याचा अंदाज बांधायला वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चार गोष्टींवर चालणारं एक गणित आहे. त्या अंदाजात धोका ४० टक्क्यांच्या वर गेला की प्रत्यारोपण की डायलिसिस, हे बोलणं आणि तयारी सुरू करायची. घरात किडनी देऊ शकेल असं कोण आहे, हा प्रश्नही तेव्हाच विचारायचा.

त्या तयारीतली सगळ्यात साधी गोष्ट हाताची आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात राखून ठेवायचा. त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही, हे नर्सला आपणच सांगायचं. कारण पुढे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायची, म्हणजे फिस्टुला करायची वेळ आली तर तिथली शीर धड असावी लागते, आणि फिस्टुला केल्यावर तो सुई टोचण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. ऐनवेळी धावपळ झाली की मानेत कॅथेटर घालावा लागतो आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

जी-५ म्हणजे लगेच डायलिसिस, असंही नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात ८२८ रुग्ण होते. लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेले, दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणून डॉक्टर आकड्याइतकंच विचारतात: मळमळ होते का, जेवण जातं का, अंगावर सूज येते का, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का. पोटॅशियम गोळ्यांना दाद देत नसेल किंवा फुप्फुसात पाणी साचत असेल, तर मात्र त्या दिवशी ईजीएफआर १२ आहे की ८, यावर वेळ घालवत नाहीत.