सर्दी झालेल्या बाळाची लस पुढे ढकलावी का?

(सांगलीत पालक आणि आशाताईंसमोर एका बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

थंडीच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "डॉक्टर, आज डोसचा दिवस आहे, पण बाळाचे नाक वाहते आहे आणि अंगही कोमट लागते आहे, पुढच्या वेळी आणू का?" बहुतेक बाळांच्या बाबतीत याचे उत्तर "नको, आजच घेऊन टाका" असे आहे. मात्र काही बाळांच्या बाबतीत ते उत्तर चुकीचे ठरते, आणि तो फरक घरच्या घरी कसा ओळखायचा एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

पलूस तालुक्यातून आलेल्या एका बाळाचे उदाहरण घेऊ. वय साडेतीन महिने, वजन सहा किलो, चौदाव्या आठवड्याचे डोस घ्यायचे होते. दोन दिवसांपासून नाकातून पाणी येत होते, अधूनमधून शिंका होत्या, आणि बगलेत थर्मामीटर लावला तेव्हा ९९.८ अंश फॅरनहाइट ताप निघाला. आजींचा आग्रह होता की लस टोचली तर ताप डोक्यात जाईल. मी आधी बाळाचा अंगरखा वर केला आणि घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ते ४२ भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर आम्ही न्यूमोनियाचा संशय घेतो. येथे तसे नव्हते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात नव्हता. बाळ अंगावर नेहमीसारखे पीत होते, फक्त नाक चोंदल्यामुळे मध्ये मध्ये तोंड सोडत होते, आणि माझ्याकडे बघून हसलेही. अशा बाळाची लस थांबवायला कारण नाही. त्याला त्याच दिवशी पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि पोलिओची इंजेक्शने आणि तोंडावाटे पोलिओ व रोटाव्हायरसचे डोस दिले गेले.

आजींची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शरीर आधीच सर्दीशी झगडते आहे, त्यात आणखी लसींचा भार कशाला, असे कुणालाही वाटेल. परंतु सर्दीचे विषाणू नाक-घशाच्या अस्तरात असतात, आणि त्यांच्याशी झुंजत असतानाही बाळाची प्रतिकारव्यवस्था मांडीत टोचलेल्या लसीला नेहमीसारखेच उत्तर देते. साधी सर्दी असताना दिलेली लस वाया जात नाही आणि तिच्यामुळे सर्दी वाढतही नाही.

मग आम्ही काही बाळांना परत का पाठवतो? बाळ खरोखर आजारी असेल, म्हणजे ताप जास्त असेल, धाप लागत असेल किंवा दूध तोडले असेल, तर लस थांबवण्याचे मुख्य कारण ती घातक ठरेल हे नसते. लसीनेही एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी ताप चढला तर तो लसीचा की छातीतल्या संसर्गाचा हे कळत नाही, आणि "लसीचा ताप आहे, उतरेल" असे म्हणत घरचे लोक न्यूमोनियाचे बाळ घरीच ठेवतात. तो गोंधळ टाळण्यासाठी आधी आजार बरा करायचा आणि मग डोस द्यायचा.

आता वयाचा मुद्दा, ज्यावर मला सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे. पहिले डोस सहाव्या आठवड्यात असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला "थोडा ताप" असे काही नसते, हे लक्षात ठेवा. बगलेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरले, तर ते बाळ त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासले पाहिजे, कारण इतक्या लहान वयात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्गही केवळ एवढ्याशा तापाने सुरू होऊ शकतो. (जास्त कपड्यांत गुंडाळलेले बाळ असेल तर एक थर काढून, थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.) तीन महिन्यांपर्यंत १००.४ फॅरनहाइट ताप हीदेखील तपासणीची सूचनाच समजावी. म्हणजे जो ९९.८ चा आकडा साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत आपण सोडून दिला, तोच दीड महिन्याच्या बाळाच्या बाबतीत रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. तेथे प्रश्न लसीचा उरतच नाही. नाक वाहते पण अंग गार आहे, दूध नीट पिते आहे, तर मात्र दीड महिन्याच्या बाळालाही डोस मिळाला पाहिजे.

एक आठवडा थांबल्याने काय बिघडते, असे मलाही व्यवसायाच्या सुरुवातीला वाटायचे. वाळवा तालुक्यात कारखान्याच्या परिसरात कोप्यांतून राहणाऱ्या एका ऊसतोड जोडप्याच्या बाळाला मी केवळ वाहत्या नाकासाठी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवले. पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. पुढच्या हंगामात ते बाळ पुन्हा दिसले तेव्हा त्याच्या कार्डावर पेंटाव्हॅलंटचा एकच डोस होता आणि वय एक वर्ष उलटून गेले होते. ती चूक माझी होती. गावात राहणाऱ्यांचेही फारसे वेगळे नसते; लसीकरणाचे सत्र अंगणवाडीत महिन्यातून एकदा होत असेल, तर आठवड्याची सूट महिन्याची होते. आणि पेंटाव्हॅलंटमधल्या पाच आजारांपैकी डांग्या खोकला सर्वांत धोकादायक असतो तो याच पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा बाळ ढास लागून खोकण्याऐवजी एकदम श्वास थांबवून निळे पडते. एका डोसने मिळणारे संरक्षण अपुरे असते. उशीर झालाच, तर डोस पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. जेथे थांबलो तेथून, चार आठवड्यांचे अंतर ठेवून पुढे जायचे.

दोन गोष्टी औषधाबद्दल. लसीला निघताना "ताप येऊ नये म्हणून" पॅरासिटामॉल पाजू नका. त्याने मूळचा ताप झाकला जातो आणि सिस्टरांना बाळ उगाच ठणठणीत दिसते. आधी दिले असेल तर वेळेसह सांगा. नंतर ताप आला आणि बाळ अस्वस्थ झाले तर मात्र वजनाप्रमाणे द्यावे. आपल्या सहा किलोच्या बाळाला त्या रात्री १०१.२ ताप आला. त्याला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम हवे होते. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे ते ०.६ मिलिलिटर होतात. घरात मोठ्या भावासाठी ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप होते. त्याची ताकद थेंबांच्या निम्मी. मोठ्याच्या बाटलीचा चमचा मापून थेंब पाजले, तर तोच घोटाळा जिवावर बेततो. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय माप भरू नका, आणि दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवा.

त्या बाळाचा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला, सर्दी आणखी चार दिवस राहिली. ताप दोन दिवसांनंतरही राहिला असता, किंवा पोट उडू लागले असते, तर मी आईला पुन्हा बोलावून श्वास मोजले असते, मग लस कालच घेतलेली का असेना.