‘वाच’ धातूचा तक्ता: भूतकाळात रकाने का बदलावे लागतात

[फळ्यावर आधीच लिहिलेलं: तो वाचला. / त्याने वाचला.]

नमस्कार. फळ्यावरची ही दोन वाक्यं बघा. पहिल्या वाक्यातला माणूस अपघातातून किंवा आजारातून वाचलाय. दुसऱ्याने एखादा लेख वाचलाय. क्रियापद अक्षर न् अक्षर तेच आहे, अर्थ मात्र पार वेगळा. आज आपण ‘वाचणे’, म्हणजे पुस्तक वाचणे, या क्रियापदाचा तीन काळांचा तक्ता करणार आहोत. तो करताना बहुतेक जण भूतकाळाच्या रकान्यात नेमका दुसऱ्याच ‘वाचणे’चा, जीव वाचण्याचा, तक्ता भरून ठेवतात. तसं का होतं ते आज नीट पाहू.

एक आडवा कोरा कागद घ्या. आधी धातू काढायचा. ‘वाचणे’मधला ‘णे’ काढला की ‘वाच’ उरतो. बरोबर निघाला की नाही हे पडताळायला समोरच्याला एकेरीत हुकूम सोडून बघा: ‘वाच!’ हुकमाचं रूप आणि उरलेला धातू जुळले, म्हणजे काम झालं. कागदाच्या डोक्यावर ‘वाच’ लिहा आणि शेजारी अर्थही लिहा: मजकूर वाचणे. अर्थ लिहायला विसरू नका, पुढे त्याचं काम पडणार आहे.

[फळ्यावर वर्तमानकाळ]

वर्तमानकाळ सोपा आहे. धातूला ‘त’ लागतो आणि त्यापुढे कर्त्याप्रमाणे प्रत्यय. जुन्या व्याकरणात याला ताख्यात म्हणतात, ते या ‘त’वरूनच.

मी वाचतो / वाचते
तू वाचतोस / वाचतेस
तो वाचतो, ती वाचते, ते वाचते
आम्ही, आपण वाचतो
तुम्ही वाचता
ते, त्या, ती वाचतात

एकवचनात पुरुष आणि बाई यांची रूपं वेगळी, अनेकवचनात तो भेद नाही. मुलगे वाचतात, मुलीही वाचतात, मुलंही वाचतात. एका ठिकाणी मात्र सांभाळा: ‘आपण’ दोन आहेत. ‘चला, आपण वाचतो’ यातला ‘आपण’ बोलणाऱ्यालाही धरून आहे, तो ‘आम्ही’च्या ओळीत बसतो. ‘आपण कोणते वृत्तपत्र वाचता?’ यातला ‘आपण’ आदरार्थी आहे, तो ‘तुम्ही’च्या ओळीत जातो. तक्त्यात दोन्हीकडे लिहिलात तर पुढे गोंधळ होत नाही.

[फळ्यावर भविष्यकाळ]

आता मधला भूतकाळ सोडून आधी भविष्यकाळ भरूया. इथेही रूप कर्त्यावरच चालतं, त्यामुळे याच ओळी तशाच वापरता येतात.

मी वाचीन (वाचेन)
तू वाचशील
तो, ती, ते वाचील (वाचेल)
आम्ही, आपण वाचू
तुम्ही वाचाल
ते, त्या, ती वाचतील

इथे लिंगभेद अजिबात नाही. तोही वाचील, तीही वाचील. म्हणून ‘मी’ आणि ‘तू’च्या ओळींत दोन चौकटी आखल्या असतील तर भविष्यकाळात त्या एकत्र करा, रिकामी चौकट ठेवू नका. रिकामी चौकट दिसली की हात शिवशिवतो आणि नसलेलं रूप त्यात जाऊन बसतं.

‘वाचीन’ की ‘वाचेन’? पारंपरिक व्याकरणाचा नियम असा की सकर्मक धातूला ‘ई’ आणि अकर्मकाला ‘ए’: मी पत्र वाचीन, पण मी बसेन. त्या हिशेबाने ‘तो पत्र वाचील’ आणि ‘तो या दुखण्यातून वाचेल’ अशी आपल्या दोन ‘वाचणे’ची भविष्यकाळातही फारकत होते. आज बोलण्यात आणि छापील मजकुरातही वाचेन, वाचेल सर्रास चालतं. मी दोन्ही रूपं तक्त्यात ठेवते, पण एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नयेत असं माझं मत आहे.

लिहिताना सगळ्यात जास्त चुकतात ती ‘वाचशील’ आणि ‘वाचतील’. ‘वाचशिल’, ‘वाचतिल’ असं ऱ्हस्व लिहिलं जातं. शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, हा नियम इथे लागतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद, पण क्रियापदांच्या या रूपांना ती सवलत नाही. ‘वाचू’मधला ‘चू’ शेवटी आहे, म्हणून तोही दीर्घच.

[फळा पुसून]

आता भूतकाळ. सवयीने हात काय लिहितो? मी वाचलो, तू वाचलास, तो वाचला, ती वाचली. ‘बसणे’चा तक्ता असाच असतो: मी बसलो, तू बसलास. पण वर आपण अर्थ लिहिलाय, तो बघा आणि कर्म घालून वाक्य म्हणा: ‘मी पुस्तक वाचलो.’ प्रमाण मराठीत हे बसत नाही. आपण जीव वाचण्याचा तक्ता लिहीत होतो.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या बोलण्यात ‘मी काम केलो’ असं ऐकू येतं. ती त्या बोलीची स्वतःची रीत आहे, तिला चूक म्हणायचं कारण नाही. आपला तक्ता लेखी प्रमाण भाषेचा आहे, एवढंच.

प्रमाण मराठीत सकर्मक धातूचं हे ‘ल’चं रूप कर्माकडे बघतं. कारण जुनं आहे. संस्कृतात ‘मया ग्रन्थः पठितः’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्याकडून ग्रंथ वाचला गेला’. तिथे ‘पठितः’ ग्रंथाच्या लिंगाप्रमाणे चालतं, वाचणाऱ्याच्या नाही. मराठीचं ‘ल’चं रूप अशाच रचनेतून आलंय. म्हणूनच कर्ता तृतीयेत जातो: त्याने, तिने, त्यांनी. जुन्या मराठीत ‘म्यां वाचले’ असं लिहीत. आज ‘मी’ आणि ‘आम्ही’ तृतीयेतही वरून तसेच दिसतात, म्हणून ते प्रथमेतलेच वाटतात आणि ‘वाचलो’ तोंडात येतं.

तेव्हा ओळींवरची मी, तू, तो ही नावं खोडा. भूतकाळाचे रकाने कर्माचे आखायचे. तीन लिंगं, दोन वचनं, सहा चौकटी. प्रत्येक चौकटीसाठी एक ठरलेलं नाम घ्या: लेख, गोष्ट, पुस्तक.

[फळ्यावर भूतकाळ]

| कर्म | मी, आम्ही, त्याने, तिने, त्यांनी | तू | तुम्ही |
|---|---|---|---|
| लेख (एक) | वाचला | वाचलास | वाचलात |
| गोष्ट | वाचली | वाचलीस | वाचलीत |
| पुस्तक | वाचले | वाचलेस | वाचलेत |
| लेख (अनेक) | वाचले | वाचलेस | वाचलेत |
| गोष्टी | वाचल्या | वाचल्यास | वाचल्यात |
| पुस्तके | वाचली | वाचलीस | वाचलीत |

पहिला रकाना केवढा मोठा झाला बघा. मी असो, आम्ही असो, तिने असो, रूप एकच. कर्त्याची खूण फक्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला उरते: आधी कर्माप्रमाणे रूप तयार होतं, मग त्याच्या शेपटीला ‘स’ किंवा ‘त’ लागतो. ‘वाचलीस’ या एका शब्दात कर्म आणि कर्ता दोघेही आहेत: ‘ली’ गोष्टीची, ‘स’ तुझा. मला हे रूप फार सुंदर वाटतं. ‘तुम्ही’सोबत ‘त’ न लावता ‘तुम्ही गोष्ट वाचली का?’ असंही लोक बोलतात, पण तक्त्यात पूर्ण रूप लिहा.

आता ‘वाचले’ दोन ओळींत आलंय आणि ‘वाचली’सुद्धा. ही नजरचूक नाही. एका पुस्तकाचं ‘वाचले’ आणि अनेक लेखांचं ‘वाचले’ लेखी भाषेत सारखं दिसतं. बोलताना मात्र ते वेगळं ऐकू येतं: पुस्तक वाचलं, पण लेख वाचले. म्हणून बोलीतला अनुस्वार आणि लेखी मात्रा एकाच तक्त्यात मिसळू नका. बोलीचा तक्ता हवा असेल तर पुस्तकाच्या ओळीत वाचलं, वाचलंस, वाचलंत असा वेगळा करा.

कर्म सांगितलंच नाही तर? ‘काल रात्री काय केलेस?’ ‘वाचले.’ अशा वेळी नपुंसकलिंगी एकवचन घ्यायचं. ‘त्याने वाचले की गाडी रद्द झाली’ यातही तेच, कारण काय वाचलं ते नाम नसून अख्खं वाक्य आहे.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. ‘मी पुस्तक वाचत होतो’ हाही भूतकाळ आहे, पण तिथे बाई ‘वाचत होते’ म्हणते, म्हणजे रूप कर्त्याकडे बघतं. कर्माकडे वळवणारा आहे तो धातूला लागलेला ‘ल’, नुसता भूतकाळ नव्हे. त्यामुळे ‘वाचत होतो’ला या सहा चौकटींत कोंबू नका, त्याचा तक्ता वर्तमानकाळासारखा कर्त्यावर आखा.

[कॅमेऱ्याकडे]

दुसरा धातू घ्याल तेव्हा भूतकाळाचे रकाने आखण्यापूर्वी एक चाचणी करा. धातूच्या ‘ल’च्या रूपाआधी ‘तो’ ठेवा, मग ‘त्याने’ ठेवा, आणि तुमच्या अर्थाला कोणतं बसतं ते ऐका. ‘तो बसला’: रकाने कर्त्याचे. ‘त्याने वाचले’: रकाने कर्माचे. नुसतं ‘कर्म आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ यांना कर्म असतं, तरी आपण ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’ असंच म्हणतो. त्यांचे रकाने कर्त्याचेच राहतात.

आणि ‘ल’ धातूला सरळ चिकटतोच असंही नाही. ‘वाच’चं वाचला होतं, पण ‘कर’चं केला, ‘खा’चं खाल्ला, ‘घाल’चं घातला, ‘पाह’चं पाहिला. म्हणून सहा चौकटी भरायला बसण्याआधी पुल्लिंगी एकवचनाचं एक रूप वाक्यात म्हणून पक्कं करा: त्याने लाडू खाल्ला. ते एक रूप हातात आलं की शेवटचा ‘ला’ फक्त ली, ले, ल्या असा बदलत जायचा: पोळी खाल्ली, फळ खाल्ले, पोळ्या खाल्ल्या.